पाचवा ‘का’

थंडी पडली की माझ्या पाठीत उजव्या खांद्याखाली एक जागा ठणकते. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. मी त्यांना सांगते, वयाचं नाही, बारशाचं आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तो मान घेताना मागून बायकांचे धपाटे खायची पाळीही आत्याचीच. मी आत्या झाले तेव्हा सतरा वर्षांची होते, अंगावर मूठभर मांस नव्हतं, आणि माझ्या पाठीमागे उभ्या होत्या आमच्या घरमालकीण हौसाकाकू. त्यांचं सगळं तरुणपण भोसरीच्या शेतात खुरपणी-मळणीत गेलेलं. पुढे त्या शेतावर इमारती आल्या आणि हातातला जोर कुठे घालवावा हे त्यांना कळेनासं झालं. त्या दिवशी त्यांना जागा सापडली. आयुष्यात मी पुढे भाषणं पुष्कळ केली, ऐकली, बक्षिसंही मिळवली. पण जे एक भाषण मला आजही जसंच्या तसं आठवतं, ते माझं नाही. ते माझ्या दादाने त्या बारशाला आमच्या गच्चीवर केलं, आणि ते त्याला पुरं करता आलं नाही.

हौसाकाकूंच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. त्यातल्या मोठ्या खोलीत आईची खानावळ चालायची. कारखान्यांत कामाला आलेले वीस-बावीस जण दोन वेळा जेवायला यायचे. कोण लातूरचा, कोण जळगावचा, कोण चिपळूणचा. कुणाला भाजीत शेंगदाण्याचं कूट लागतं आणि कुणाला खोबरं, हे आईला तोंडपाठ होतं. तिचा आवाज मोठा. जिन्यात पाऊल वाजलं की ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, ‘पाय पुसा, मग काय ते बोला.’ बाबा एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, कमी बोलायचे. आईला ते नावाने हाक मारताना मी कधी ऐकलं नाही. ‘अगं’, ‘ऐकलंस का’ आणि फार तर ‘शुभीची आई’. शुभी म्हणजे मी. माझा दादा, प्रवीण, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता, क्वालिटी विभागात. वहिनी, म्हणजे स्नेहल, त्याच कंपनीत तपासणीच्या टेबलावर. दोघांचं जमलंच मुळी नाकारलेल्या मालाच्या एका खोक्यावरून भांडताना. आणि आमच्या मागच्या गल्लीत एक प्रेस मशीन होतं, ते दिवसभर पत्रा कापायचं. धप्प, धप्प, धप्प. पाहुणे हैराण व्हायचे. आम्हाला ते ऐकूही यायचं नाही.

वहिनीला आई नव्हती. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडेच झालं, आणि आईने ते असं काही अंगावर घेतलं की खानावळीतल्या माणसांना आठवडाभर एकच भाजी मिळाली. घरभर शेपूचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. सकाळी अळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी, चार वाजता डिंकाचा लाडू, जेवल्यावर चमचाभर बाळंतशोपा. वहिनी म्हणायची, ‘आई, पोट फुटेल.’ आई म्हणायची, ‘फुटू दे, टाके घालू.’ पोरगी काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ, आणि रडायला लागली की थेट आजीवर गेलेली. तिच्या बाबतीत एक गंमत आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळली. मागचं प्रेस मशीन चालू असलं की ही गाढ झोपायची. गुरुवार आमच्या भागातल्या कारखान्यांचा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी मशीन बंद, सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेने दचकून ही दिवसभर भोकाड पसरायची. अन् बारसं गुरुवारीच करणं भाग होतं. बारावा दिवस मंगळवारी येत होता, पण मंगळवारी निम्मे पाहुणे शिफ्टला. गुरुजींनी पंचांग उघडायच्या आधीच विचारलं, ‘गुरुवार ना?’ भोसरीत इतकी वर्षं काढलेला माणूस होता तो.

गुरुजींनी जन्मवेळ पाहून सांगितलं, चित्रा नक्षत्र, तिसरं चरण, नावाचं अक्षर ‘रा’. आई तिथल्या तिथे म्हणाली, ‘राधिका.’ कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात याचा अर्थ ठरलं असा व्हायचा. दुसऱ्या दिवशी आई भांड्यांच्या दुकानात गेली आणि पाहुण्यांना द्यायच्या साठ स्टीलच्या वाट्या घेऊन आली. प्रत्येक वाटीवर मशीनने नाव कोरलेलं, ‘चि. राधिका हिच्या बारशानिमित्त’. नाव पाळण्यात जाईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, हा नियम तिला माहीत होता. म्हणून तिने त्या वाट्या जुन्या साडीत बांधून पलंगाखाली ढकलल्या आणि आम्हाला बजावलं, ‘कुणाला बोलू नका.’ मग स्वतःच हौसाकाकूंना एक वाटी दाखवून आली.

इकडे वहिनीच्या मनात भलतंच शिजत होतं. सातव्या-आठव्या दिवशी तिने मला आणि दादाला खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. ती म्हणाली, आई तिला न्हाऊ घालताना, तेल चोळताना एकदा तिने सहज विचारलं होतं, ‘आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?’ आई आधी हसली. मग म्हणाली, ‘आवडी.’ आणि लगेच, ‘पण हे कुणापुढं काढू नको माय. ह्या घरात आले त्या दिवशी बायका लई हसल्या होत्या. आवडाबाई, कुणाला गं आवडलीस, म्हणून.’ आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे, आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. बाबांनी आजीच्या सांगण्यावरून ‘सुनंदा’ लिहिलं, आणि आवडी तिथेच संपली. आईच्या माहेरची थोरली माणसं लवकर गेली, धाकटा भाऊ तिला आक्का म्हणायचा. रेशनकार्डापासून खानावळीच्या पाटीपर्यंत सगळीकडे सुनंदा. मी सतरा वर्षं जिच्या हातचं जेवले, तिचं पहिलं नाव मला त्या दिवशी कळलं. मला रडूच आलं, आणि रडता रडता मी म्हटलं, ‘अगं पण वाट्या?’

वहिनी शांतपणे म्हणाली, ‘मला माझ्या मुलीला आवडी म्हणायचंय.’

दादा कॉटवर बसला. त्याची अडचण मला कळत होती. आई खूश झाली तर प्रश्न नाही. पण तिला वाटलं, सुनेला विश्वासाने सांगितलेली गोष्ट हिने माणसांत उघडी पाडली, आणि पुन्हा कुणी फिदीफिदी हसलं, तर आई भांडणार नाही, रडणार नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसेल. ते आम्हा दोघांना कधीच सोसलं नसतं. आधी विचारावं तर ती ‘खुळ्यांनो’ म्हणून उडवून लावणार, हे नक्की. शेवटी दादा म्हणाला, ‘नुसतं नाव सांगून गप्प बसलो तर लोक हसतील. का ठेवलं ते आपणच सांगायचं. म्हणजे भाषण करायचं.’ त्याच्या कंपनीतल्या एकाने पिंपळे सौदागरला सोसायटीच्या हॉलमध्ये मुलीच्या बारशाला असं भाषण केलं होतं, माईक लावून. लोक अजून त्याचं नाव काढत होते. ‘आणि भाषण तू लिहायचं, शुभे. एवढे कप काय शोभेला ठेवलेत?’

मी वक्तृत्व स्पर्धा मारायचे त्या काळात. एका बसणीत सहा पानं लिहिली. सुरुवात ‘सन्माननीय व्यासपीठ’ अशी होती, पुढे प्रीती, गोडी, ममता, चंद्रकोर आणि तिसऱ्या पानावर सागर. आज ती पानं हाती लागली तर मी चुलीत घालीन. दादाने ती वाचली, बराच वेळ डोकं खाजवलं आणि विचारलं, ‘सागर कुठून आला भोसरीत?’ मग म्हणाला, मी आपला पाच ‘का’ करतो. त्याच्या कंपनीत एखादा भाग बिघडला की नुसता फेकून देत नसत. का बिघडला, विचारत. उत्तर आलं की त्या उत्तरालाच पुन्हा ‘का’ लावत. असं पाच वेळा. दादाचं म्हणणं असं, की पहिल्या ‘का’ला माणूस दुसऱ्यावर ढकलतो, दुसऱ्याला मशीनवर, तिसऱ्याला नशिबावर. चौथ्याला गप्प बसतो. खरं कारण हाती लागतं ते पाचव्याला. मी म्हटलं, ‘बारसं आहे दादा, बिघाड नाही.’ तो म्हणाला, ‘नाव बदललं हा बिघाडच की.’ मी माझी सहा पानं परत घेतली.

चार दिवस आम्ही पाच प्रश्न आणि पाच उत्तरं घोळवत होतो. दादा स्कूटरवर जाताना पुटपुटायचा, मी भाकऱ्या थापताना. आईला संशय आला. ‘काय चाललंय तुमचं दोघांचं? मंत्र म्हणताय का?’ चार ‘का’ आम्हाला छान जमले. पाचवा अडला. तो असा होता, की मुळात आईच्या वडिलांनी तिचं नाव आवडी का ठेवलं? वहिनीला तेवढं आईने सांगितलं नव्हतं. विचारायची सोय नव्हती. मग मी शब्दकोश काढला आणि लिहून दिलं, ‘आवडी म्हणजे रुची, प्रेम, ओढ. नातीच्या रूपाने घरात प्रेमाची ओढ अवतरली आहे.’ दादाने कागद खिशात ठेवला, पण त्याचं तोंड मोजमापात न बसलेला नट पाहिल्यासारखं झालं होतं.

गुरुवार उजाडला. गच्चीवर मांडव, झेंडूच्या माळा, भाड्याचा पाळणा, आणि दादाच्या हौसेचा एक स्पीकर. मागचं मशीन बंद. पोरगीने सकाळी आठ वाजता जो सूर लावला तो दुपारी बारापर्यंत सोडला नाही. हिने घे, तिने घे, खुळखुळा वाजव, काही उपयोग नाही. गुरुजींचे मंत्र कुणाला ऐकू येईनात. पाळण्याशेजारी पूजेपुढे ताटात तांदूळ पसरले होते. बारशालाही नाव तांदळातच लिहायचं, अंगठीने. गुरुजींनी दादाला समजावलं की नावं चार असतात, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि चौथं हाक मारायचं. तीन नावं लिहून झाली. नक्षत्राच्या नावाच्या जागी आईच्या समाधानासाठी दादाने ‘राधिका’ लिहिलं. चौथी ओळ त्याने मोकळी ठेवली. आई हळूच माझ्या कानात म्हणाली, ‘तेच नाव दोनदा लिहायचं असंल.’ मी खोकले.

मग बायका पाळण्याभोवती जमल्या. आधी वरवंट्याला कुंची घालून, हळदकुंकू लावून तो पाळण्याखालून एकीने दुसरीला दिला, दुसरीने वरून पहिलीला. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.’ वरवंटा आधी, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं. हौसाकाकू म्हणाल्या, ‘वरवंटा तरी गप हाय बाई.’ मग बाळ तसंच खालून-वरून फिरवून पाळण्यात निजवलं, म्हणजे निजवलं म्हणायचं एवढंच, कारण ती ताठ होऊन किंचाळत होती. हौसाकाकूंनी पाळणा म्हणायला घेतला. आणि मी वाकले.

‘कुर्रर्र…’ मी तिच्या कानाशी म्हटलं, आणि माझ्या पाठीत पहिला धपाटा बसला. मग दुसरा. मग हौसाकाकूंचा. धप्प. मला तारे दिसले. धप्प. आणि पोरगी गप्प झाली. मला वाटलं माझेच कान गेले. पण खरंच, ती डोळे मोठे करून ऐकत होती. तिला तिचं मशीन सापडलं होतं. ‘हौसाकाकू, थांबू नका,’ वहिनी पलीकडून ओरडली, आणि हौसाकाकूंना काय, तेवढंच पाहिजे होतं. ‘मी थांबाय आली न्हाईच,’ त्या म्हणाल्या. अख्खी गच्ची हसत होती, दादाच्या कंपनीतली माणसं टेबलावर त्याच ठेक्यात मुठी आपटत होती, आणि मी पाळण्यात डोकं घालून मार खात ते नाव सांगत होते. आवडी. आवडी. आवडी.

‘आता मोठ्यानं बोल की,’ हौसाकाकू म्हणाल्या. मी सरळ झाले. आई समोर उभी होती, हातात घुगऱ्यांचं पातेलं, शेजारी वाट्यांचं गाठोडं सोडून ठेवलेलं. तिचा चेहरा फुललेला. एवढी वक्तृत्वाची राणी मी, हजार माणसांपुढे न अडणारी, आणि तिथे तीन अक्षरं बाहेर येईनात. ‘राधिका ना?’ आईनेच मला मदत केली. मी नाही म्हणून मान हलवली आणि म्हटलं, ‘आवडी.’

टेबलावरच्या मुठी थांबल्या. मागे कुणीतरी पाहुणी म्हणाली, ‘आवडी? हे कसलं नाव?’ आणि दोघी-तिघी हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, पण हसल्या. आईने पातेलं खाली ठेवलं. पदर सारखा केला. ती वहिनीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काहीही कळत नव्हतं. मी दादाकडे बघितलं. त्याने माईक हातात घेतला होता.

आता खरं सांगते, आमचा दादा माणसांसमोर रोज बोलायचा, पण ते शिफ्ट सुरू होताना, दहा-बारा जणांपुढे. त्याला दुसरी सुरुवात येतच नव्हती. घाबरला आणि तोंडातून तेच निघालं. ‘सर्वांना नमस्कार. सुरक्षितता प्रथम. जिना उजव्या बाजूला आहे, धक्काबुक्की करू नये.’ कंपनीतली दहा माणसं सवयीने ताडकन उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, ‘करणार नाही.’ हसून हसून बायकांनी एकमेकींना धरलं. आईसुद्धा हसली, अगदी थोडी, आणि मला जरा श्वास घेता आला.

‘आमच्या मुलीचं नाव आम्ही आवडी ठेवलं,’ दादा म्हणाला. ‘तुम्ही विचाराल, का? पहिला का. कारण ते माझ्या आईचं नाव आहे.’ गच्चीवर कुजबूज झाली. ‘तुम्ही म्हणाल, तुझी आई तर सुनंदा. मग आवडी का? हा दुसरा. कारण ती जन्मली तेव्हा आवडी होती. सुनंदा ती लग्नात झाली. तिसरा. लग्नात नाव बदललं का? कारण नाव गावंढळ वाटलं. लोक हसले. आत्ता हसले तसेच.’ हसलेल्या पाहुण्या खाली बघायला लागल्या. ‘चौथा. मग आम्हाला ते परत का पाहिजे? माझ्या बायकोला आई नाही. गेले पंधरा दिवस तिला पाटावर बसवून न्हाऊ घालणारी, तिच्या पायांना तेल लावणारी बाई तिला मिळाली. तिला वाटलं, आपल्या मुलीला काही द्यायचं तर ह्या बाईचं काहीतरी द्यावं. साड्या, दागिने सगळं सुनंदाचं होतं. फक्त आवडीचं काही कुठे उरलं नव्हतं. एक नाव तेवढं होतं.’

हे माझ्या कागदावर नव्हतं. त्याचं त्यानेच कधीतरी स्कूटरवर लिहिलं असणार. इकडे माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, पाठीतून कळा.

‘आता पाचवा,’ दादा म्हणाला, आणि त्याने खिशातून माझा कागद काढला. ‘मुळात माझ्या आजोबांनी हे नाव का ठेवलं?’ त्याने कागद वाचला. मनातच वाचला. वर बघितलं, परत खाली बघितलं. मग कागदाची घडी केली. ‘इथे लिहिलंय आवडी म्हणजे रुची, प्रेम, ओढ. हे माझ्या बहिणीने शब्दकोशातून काढलंय. अर्थ बरोबर आहे. पण हे कारण नाही. कारण मला माहीत नाही. जे मी तपासलं नाही त्यावर मी सही करत नाही.’ आणि माईक तसाच धरून तो उभा राहिला. खाली रस्त्यावरून सहा आसनी रिक्षा गेली तिचा आवाज स्पीकरमधून आला. मला वाटलं, संपलं. एवढं करून हा मधेच लटकला.

‘मला इचार ना मग,’ आई म्हणाली.

ती पुढे आली. तिला माईकची गरज नव्हती, पण दादाने दिला म्हणून तिने तो दोन्ही हातांत धरला, आणि स्पीकर असा कडाडला की खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं. ‘मी तिसरी,’ आई म्हणाली. ‘माझ्या आधी दोघी बहिणी. आमच्या गावात तिसरी पोर झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचे. म्हणजे नको असलेली. तसं नाव ठेवलं की पुढच्या खेपेला मुलगा होतो म्हणायचे. आमच्या एका गल्लीत तीन नकुसा होत्या. माझ्या बारशाला आत्या पाळण्यात वाकली ती नकुसाच म्हणायला. गडी माणसं बारशात आत यायची नाहीत, बाप बाहेर ओट्यावर बसलेला. त्याला ऐकू गेलं. तर तो पायातल्या वहाणांसकट बायकांत शिरला आणि म्हणला, ही नको असलेली न्हाई. ही मला आवडली. आवडी म्हणा हिला. एवढंच बोलला. परत जाऊन ओट्यावर बसला.’ आईने पाळण्याकडे बघितलं. ‘लग्नात तांदळात दुसरं नाव लिहिलं तेव्हा मी काही बोलले न्हाई. बापही काही बोलला न्हाई. उठून मांडवाबाहेर गेला फक्त. मला वाटलं, तंबाखू खायला गेला.’

 वहिनी बाळंतीण असूनही उठली, आणि आईने तिला जवळ ओढलं. ‘नको सांगू म्हणलं होतं ना तुला?’ ती म्हणाली. ‘सांगितलंस ते बरं केलंस माय.’ आणि दोघी रडायला लागल्या, आणि त्यांचं बघून हौसाकाकू, आणि माईक चालूच असल्यामुळे ते रडणं पार कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत गेलं.

गुरुजींना पुढे दुसरं बारसं होतं. ते खाकरले आणि म्हणाले, ‘चौथी ओळ.’ दादा ताटापुढे बसला, अंगठी बोटांत धरली, आणि मग त्याने ती बाबांपुढे केली. ‘बाबा, तुम्ही लिहा.’ बाबा मागे खांबाला टेकून उभे होते. ते आले. मांडी घालून बसले. लेथवर केसाएवढा फरक धरणाऱ्या हाताने त्यांनी अंगठी दोनदा उलटसुलट करून धरली. ‘मला हे कुणी सांगितलं नव्हतं,’ ते म्हणाले, ताटाकडे बघत. ‘तुम्ही विचारलं कुठं?’ आई म्हणाली. पण रागाने नाही. बाबांनी लिहिलं, सावकाश, तांदळाचा दाणा न् दाणा बाजूला सारत. लिहून झाल्यावर रीतीप्रमाणे गुरुजी ताट हलवून तांदूळ एक करायला गेले. आईने त्यांचा हात धरला. गुरुजींचा हात कुणी यजमानीणबाई धरल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ‘ह्या खेपेला ताट हलवायचं न्हाई,’ ती म्हणाली.

त्या वाट्यांचं काय झालं, असं मला अजून लोक विचारतात. काही झालं नाही. नक्षत्राचं नाव राधिका होतंच, तेव्हा गुरुजींनी छातीठोकपणे जाहीर केलं की वाट्या शास्त्राप्रमाणे बरोबर आहेत, आणि दोन सोडून सगळ्या वाट्या घुगऱ्यांनी भरून गेल्या. त्या उरलेल्या दोन आमच्या घरात अजून आहेत. आवडी, म्हणजे धाकटी, अजून त्यातच दही खाते आणि पाहुण्यांना सांगते की ही राधिका कोण ते घरात कुणी बोलत नाही. खानावळीतली माणसं दुसऱ्या दिवसापासून आईला आवडीमावशी म्हणायला लागली. आईने लटकं रागावून बघितलं, मग पाटीही बदलून घेतली. थोरलीला, म्हणजे आईला, हाक मारली की धाकटी रडायची, धाकटीला मारली की थोरली ‘ओ’ द्यायची. अवघा गोंधळ, आणि त्या गोंधळाने आमचं घर वर्षानुवर्षं भरलेलं राहिलं.

ते ताट मात्र तीन दिवस फ्रिजवर होतं, वर जाळी झाकून. कुणाला फ्रिजचं दार जोरात लावू द्यायची नाही आई. चौथ्या दिवशी मुंग्या लागल्या, तेव्हा तिने ते तांदूळ धुतले आणि त्यांची खीर केली, भरपूर वेलदोडा घालून. आम्ही सगळे ओळीने बसलो. मागे मशीन चालू होतं, पोरगी झोपली होती. बाबांनी वाटीतला पहिला घास घेतला आणि खाली मान घालून म्हणाले, ‘गोड झालीय, आवडे.’

आईचा डाव पातेल्यातच राहिला. ‘काय म्हणलात?’

‘खीर गोड झालीय म्हटलं.’

‘त्याच्या पुढचं.’

बाबांनी पुन्हा सांगितलं. आईला नीट ऐकू आलं नाही म्हणे, तिने आणखी एकदा विचारलं. तेवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईला त्या दिवशी भारीच कमी ऐकू येत होतं. मी बोटांवर मोजत होते. बाबांनी पाच वेळा सांगितलं.